मर्यादा वरून, मागणी खालून: एका महाविद्यालयाचं वर्षभराचं अंदाजपत्रक

प्रश्न: आमचं पुण्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लेखा विभाग मी सांभाळते. दरवर्षी जानेवारीत सगळ्या विभागांकडून मागण्या मागवतो, त्यांची बेरीज हातातल्या पैशांच्या दुप्पट होते आणि शेवटी विश्वस्त सरसकट कात्री लावतात. यंदा विश्वस्त म्हणताहेत की आम्हीच प्रत्येक विभागाला आकडा ठरवून देतो, मागण्या मागवूच नका. यातली कोणती पद्धत बरी? की दोन्ही एकाच वर्षात बसवता येतात?

उत्तर:

दोन्ही बसवता येतात. तुमच्यासारख्या संस्थेत तर बसवाव्याच लागतात, कारण वरच्यांना जे माहीत असतं ते खालच्यांना नसतं आणि खालच्यांचं वरच्यांना. एकूण किती पैसे येणार, पगाराला किती जाणार, कर्जाचा हप्ता किती, हे विश्वस्तांना आणि तुम्हाला कळतं. स्थापत्यच्या प्रयोगशाळेतलं कोणतं यंत्र कधी बंद पडेल, हे तिथल्या लॅब असिस्टंटला कळतं. म्हणून एकूण आकडा वरून यायला हवा आणि त्या आकड्याच्या आत काय घ्यायचं, कशाला आधी पैसे द्यायचे, हे खालून यायला हवं. हे म्हणायला सोपं आहे. अडतं ते क्रमात, आणि तुमच्याकडे नेमका क्रमच उलटा झाला आहे: मागणी आधी, मर्यादा नंतर.

मर्यादा माहीत नसताना मागणी मागवली की विभागप्रमुख फुगवूनच लिहितो, आणि त्यात त्याचा दोष नाही. गेल्या वर्षी सगळ्यांना 30 टक्के कात्री लागली असेल, तर 10 लाखांची गरज असणारा शहाणा माणूस यंदा 14 लाख लिहितो. जो प्रामाणिकपणे 10 लिहितो त्याच्या हातात 7 येतात. दोन-तीन वर्षांत प्रामाणिक माणूसही 14 लिहायला लागतो आणि मग कागदावरच्या मागणीवरून खरी गरज किती, हे कुणालाच सांगता येत नाही. सरसकट कात्रीचं खरं नुकसान हे आहे. पैसे त्या वर्षीपुरते वाचतात, पण माहिती कायमची जाते.

विश्वस्तांचा उपाय, म्हणजे मागण्या न मागवता आकडे वाटून देणं, ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. असे आकडे जवळजवळ नेहमीच मागच्या वर्षीच्या खर्चावर पाच-सात टक्के चढवून काढले जातात. त्यामुळे ज्या विभागाने मागच्या वर्षी उधळपट्टी केली त्याला जास्त मिळतं, काटकसर केली त्याला कमी. आणि ज्याचं यंत्र यंदाच म्हातारं झालंय, त्याची दखल कुठेच घेतली जात नाही.

मोठ्या पातळीवरही याच क्रमाचा प्रश्न असतो. 1990च्या दशकाच्या सुरुवातीच्या आर्थिक संकटानंतर स्वीडनने आपल्या अर्थसंकल्पाची रीत बदलली. तिथली संसद आता आधी एकूण खर्चाची मर्यादा आणि 27 खर्चक्षेत्रांत तिची वाटणी ठरवते, आणि त्यानंतरच प्रत्येक क्षेत्राच्या आतल्या बाबींवर चर्चा करते. आपल्या पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं सुचवून घेतली जातात, म्हणजे मागणी अगदी खालून येते. पण तिथेही या कामांसाठी किती पैसे ठेवायचे, हे वरच ठरतं. दोन्हीकडे खालच्याला बोलायला जागा आहे, पण त्या जागेच्या भिंती आधी बांधलेल्या असतात.

आता तुमच्या महाविद्यालयाकडे वळू.

वर्षाची सुरुवात जानेवारीत करू नका, ऑक्टोबरमध्ये करा

तुमचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, शैक्षणिक वर्ष जून-जुलैपासून, आणि शुल्काचा मोठा हिस्सा प्रवेशाच्या वेळी येतो. सामाईक प्रवेशफेऱ्या आणि संस्थास्तरावरचे प्रवेश संपून पटावर नक्की किती मुलं आहेत, हे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्पष्ट होतं. तोपर्यंतचा कुठलाही उत्पन्नाचा आकडा म्हणजे आशाच. आणि एकदा तो पट कळला की पुढच्या वर्षाचं तीन-चतुर्थांश चित्र हातात येतं, कारण आजची पहिल्या वर्षाची मुलं पुढच्या वर्षी दुसऱ्यात असणार. थेट दुसऱ्या वर्षाला येणारे डिप्लोमावाले थोडी भर घालतात, काही मुलं गळतात, पण अंदाज फार चुकत नाही. म्हणून मर्यादा ठरवायची योग्य वेळ ऑक्टोबर आहे.

दुसरं टोक कायद्याने ठरवून दिलेलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950च्या कलम 31-एनुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या न्यासाने हिशोबाचं वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे सादर करायचं असतं. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत न्यासाचं एकत्रित अंदाजपत्रक मंजूर होऊन गेलं पाहिजे. पुष्कळ संस्थांत हा कागद घाईघाईने मागच्या वर्षीचे आकडे चढवून भरला जातो आणि खरं अंदाजपत्रक एप्रिल-मेमध्ये वेगळं तयार होतं. असे दोन कागद ठेवू नका. ऑक्टोबरला सुरुवात आणि फेब्रुवारीला शेवट धरला तर मधे चार महिने मिळतात, आणि ते पुरतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मर्यादा कळवायच्या, नोव्हेंबरअखेर मागण्या घ्यायच्या (दिवाळीची सुट्टी मधे येते, तेवढी सवलत द्या), डिसेंबरात छाननी, जानेवारीत वित्त समिती, फेब्रुवारीत नियामक मंडळ आणि विश्वस्त.

मर्यादा कशी काढायची

इथे एक उदाहरण पूर्ण चालवून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमचे वेगळे असतील.

समजा पटावर 1,500 मुलं आणि सरासरी शुल्क 1 लाख 10 हजार. म्हणजे शुल्काचे 16.5 कोटी. बाहेरच्यांसाठी केलेलं टेस्टिंग, व्याज वगैरे मिळून 50 लाख. एकूण 17 कोटी. पण हा जमेचा आकडा आहे, हातात येणारा नाही. तुमच्याकडच्या अनेक मुलांच्या शुल्काचा भाग शासनाच्या शिष्यवृत्ती आणि प्रतिपूर्ती योजनांतून येतो आणि तो त्याच वर्षात येईलच असं नाही. तेव्हा मागच्या काही वर्षांचं बँक पासबुक घेऊन बसा आणि 31 मार्चपर्यंत खरोखर किती आलं, किती पुढच्या वर्षात गेलं, ते पाहा. समजा त्यावरून असं दिसलं की यंदाचे 1 कोटी 60 लाख लटकतील आणि मागचे 1 कोटी 10 लाख येतील. म्हणजे 50 लाखांचा खड्डा. खर्चासाठी धरायचे 16.5 कोटी.

दर वाढवून हा आकडा मोठा करता येत नाही, हे विश्वस्तांनाही ठाऊक असतं, पण मागणी करणाऱ्या विभागप्रमुखांना ते कुणी सांगितलेलं नसतं. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाचं शुल्क 2015च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यासाठी झालेल्या खर्चाचे लेखापरीक्षित हिशोब लागतात. म्हणजे आज खर्च वाढवला तरी त्याचा परिणाम शुल्कात दिसायला वेळ जातो. ऑक्टोबरच्या बैठकीत ही गोष्ट पाच मिनिटं घेऊन सगळ्यांसमोर मांडा. मर्यादा आकाशातून पडली नाही, एवढं त्यातून पोहोचतं.

आता वजाबाकी. पगार 11 कोटी 20 लाख. यात जुलैची वेतनवाढ, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधीतला संस्थेचा वाटा आणि ज्या रिक्त जागा खरोखर भरणार आहात त्या धरा. ज्या फक्त कागदावर आहेत त्या धरू नका. वीज, सुरक्षा, मिळकतकर, विमा, संलग्नता शुल्क, वार्षिक देखभाल करार असे न टळणारे खर्च 2 कोटी 10 लाख. कर्जाचा हप्ता 90 लाख. उरले 2 कोटी 30 लाख. यातले 30 लाख प्राचार्यांच्याही हातात न देता राखीव ठेवायचे. मग विभागांसाठी राहिले 2 कोटी.

हे दोन्ही कोटी ऑक्टोबरमध्ये वाटून टाकू नका. 1 कोटी 60 लाख मर्यादा म्हणून वाटा आणि 40 लाख हातात ठेवा. या 40 लाखांवरच खालून येणाऱ्या मागणीला खरं वजन मिळतं. सगळं आधीच वाटलं तर नोव्हेंबरमध्ये विभागप्रमुख फक्त तक्ता भरून देतात, डोकं लावत नाहीत, कारण लावून काही बदलणार नसतं. आणि काहीच न वाटता सगळं चर्चेला ठेवलं तर तुम्ही पुन्हा जानेवारीच्या भांडणात सापडता. माझ्या अनुभवात पाचातला एक भाग मोकळा ठेवणं बरं पडतं. पहिल्या वर्षी त्यापेक्षा जास्त ठेवू नका.

1 कोटी 60 लाख विभागांत वाटताना मागच्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च आणि पुढच्या वर्षीची मुलं या दोनच गोष्टी पाहा. सूत्र गुंतागुंतीचं केलं की त्यावरच वाद सुरू होतो. समजा संगणकला 32 लाख, यंत्रला 26, अणुविद्युतला 24, ग्रंथालयाला 22, स्थापत्यला 18, पहिल्या वर्षाच्या विज्ञान विभागाला 14, नेटवर्क कक्षाला 14 आणि क्रीडा व विद्यार्थी उपक्रमांना 10 आले.

मागणीचे दोन भाग: 'अ' आणि 'ब'

प्रत्येक विभागाने दोन तक्ते द्यायचे. 'अ' म्हणजे मिळालेल्या मर्यादेच्या आत बसवलेलं पूर्ण वर्षाचं काम. 'ब' म्हणजे मर्यादेबाहेरच्या मागण्या, पण पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम लावून. एकाच क्रमांकावर दोन मागण्या चालणार नाहीत. हा क्रम विभागप्रमुखाने एकट्याने न लावता विभागाच्या बैठकीत लावायचा आणि त्या बैठकीचं इतिवृत्त जोडायचं. लॅब असिस्टंट त्या बैठकीला असायलाच हवा. माझा यावर आग्रह आहे. ज्याला यंत्र रोज चालू करावं लागतं, त्याच्याशिवायची खालची पद्धत ही खालची नसतेच, ती मधली असते.

किमतींबद्दल एक गोष्ट आधीच लिहून द्या, नाहीतर हमखास गोंधळ होतो. सगळ्या रकमा जीएसटीसह लिहायच्या. दरपत्रकात पुरवठादार मूळ किंमत ठळक लिहितो आणि 'कर वेगळा' असं खाली बारीक अक्षरांत. विभाग वरचाच आकडा उचलतो. बहुतांश यंत्रांवर 18 टक्के कर बसतो आणि तुमची शिक्षणसेवा करमुक्त असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही, तो खर्चच होतो. साडेसात लाखांचं काम 8 लाख 85 हजारांना पडतं. दहा विभागांनी ही चूक केली की ऑगस्टमध्ये खरेदी समितीसमोर प्रत्येक फाइल 'मंजूर रकमेपेक्षा जास्त' म्हणून अडते.

आता स्थापत्य विभाग जवळून पाहू. 18 लाखांत त्यांनी 'अ' बसवला: सिमेंट, वाळू, साचे, सर्वेक्षण शिबिराची बस, सॉफ्टवेअरचं नूतनीकरण, सर्वेक्षणात मोजमाप करणाऱ्या टोटल स्टेशनची दुरुस्ती, काँक्रीटचे क्यूब दाबून पाहायच्या यंत्राचं आणि सळ्या ताणून तपासायच्या यंत्राचं, म्हणजे यूटीएमचं, वार्षिक कॅलिब्रेशन. बेरीज 17 लाख 40 हजार. 'ब'मध्ये पहिल्या क्रमांकावर नवीन टोटल स्टेशन, 5 लाख 90 हजार. दुसऱ्यावर यूटीएमचा पंप आणि कंट्रोल पॅनेल बदलणं, 8 लाख 85 हजार. तिसऱ्यावर वर्गातला डिजिटल फळा.

कागद व्यवस्थित आहे. पण छाननीच्या बैठकीत तुम्ही, म्हणजे लेखा विभागाने, एक आकडा समोर ठेवायचा: बाहेरच्या बांधकाम व्यावसायिकांच्या सळ्या आणि क्यूब तपासून या प्रयोगशाळेने मागच्या वर्षी किती कमावले? समजा 9 लाख. ही रक्कम तुमच्या खात्यात 'इतर जमा' या शीर्षाखाली जाते, म्हणून विश्वस्तांना ती स्थापत्यची म्हणून कधी दिसत नाही, आणि विभागालाही ती आपली वाटत नाही. मग लॅब असिस्टंटला विचारा, यूटीएम किती दिवस बंद होतं? तो सांगतो, पावसाळ्यात दोन महिने पंप गळत होता, पार्टी परत पाठवल्या. म्हणजे दीड लाखांच्या आसपास गेले, आणि मुलांची प्रात्यक्षिकं शेजारच्या कॉलेजात नेऊन उरकावी लागली ती वेगळी. या माहितीवर विभागाने स्वतःच क्रम बदलला पाहिजे: यूटीएम पहिल्यावर, टोटल स्टेशन दुसऱ्यावर. तुम्ही बदलू नका, त्यांना बदलायला सांगा. वरची माहिती आणि खालची माहिती एका टेबलावर आली की निर्णय बहुधा आपोआप दिसतो. डिसेंबरची बैठक त्यासाठीच आहे.

छाननीत काय पकडायचं

पहिली युक्ती सगळीकडे दिसते. जी गोष्ट दिल्याशिवाय गत्यंतर नाही, ती 'ब'मध्ये टाकायची आणि हौसेची गोष्ट 'अ'मध्ये. संगणक विभागाने यूपीएसच्या बॅटऱ्या 'ब'मध्ये पहिल्या लिहिल्या, 6 लाख 50 हजार, आणि 'अ'मध्ये सेमिनार हॉलचं नवं फर्निचर घेतलं. बॅटऱ्यांना कुणी नाही म्हणणार नाही हे त्यांना माहीत असतं. यावर एकच प्रश्न पुरतो: ही वस्तू मिळाली नाही तर जुलैत कोणतं प्रात्यक्षिक बंद पडेल? उत्तरात एखाद्या प्रयोगशाळेचं नाव आलं की ती वस्तू 'अ'मध्ये जाते, आणि तिच्यासाठी जागा करायला 'अ'मधलं काहीतरी त्यांनीच बाहेर काढायचं. मर्यादा वाढवून द्यायची नाही. पहिल्या वर्षी एकदा ठाम राहिलात की पुढच्या वर्षी ही युक्ती बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट एका विभागाच्या कागदात कधीच दिसत नाही. सगळे कागद शेजारी ठेवले की दिसते. संगणक आणि अणुविद्युत दोघांनीही प्रत्येकी 9 लाखांचा सर्व्हर मागितला. दोघांची गरज खरी. पण दोघांच्या प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक पाहिलं तर एका तासाला दोन्हीकडे एकदम भार येत नाही. 12 लाखांचा एक थोडा मोठा सर्व्हर नेटवर्क कक्षात बसवला तर दोघांचं भागतं आणि 6 लाख वाचतात. ग्रंथालय आणि विभाग यांच्यात नियतकालिकांच्या वर्गणीचं असंच दुहेरी होतं. हे शोधणं प्राचार्य आणि तुमचं काम आहे.

तिसरं लक्षण गोल आकडे. कच्चा माल 2,00,000, दुरुस्ती 1,00,000, इतर 50,000. असा तक्ता आला की समजायचं की विभागाची बैठक झालेलीच नाही. तो परत पाठवा आणि मागच्या वर्षीच्या डेड स्टॉक आणि कन्झ्युमेबल रजिस्टरवरून भरून मागा. 'इतर' हे शीर्ष 'अ'च्या 5 टक्क्यांपेक्षा मोठं ठेवू देऊ नका.

या सगळ्यानंतर आपल्या उदाहरणात 'ब'च्या मागण्यांची बेरीज 1 कोटी 12 लाख आली, हातात 40 लाख. त्यातून यूटीएम 8 लाख 85 हजार, सामाईक सर्व्हर 12 लाख, ग्रंथालयाची वाचनकक्ष वाढवण्याची मागणी 5 लाख, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली धूर खेचणारी कपाटं 4 लाख 15 हजार. झाले 30 लाख. उरलेले 10 लाख मुद्दाम द्यायचे नाहीत. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

ज्यांना मिळालं नाही त्यांना प्रत्येक मागणीवर एक ओळीचं लेखी उत्तर द्या. 'नाही', 'पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा पाहू' किंवा 'पुढच्या वर्षी अ मध्ये घ्या', आणि कारण. कंटाळवाणं काम आहे, एक अख्खा दिवस जातो. पण सगळ्या पद्धतीत मी याला सर्वांत जास्त महत्त्व देतो. मागितलं आणि उत्तरच आलं नाही, हा अनुभव दोनदा आला की तिसऱ्या वर्षी विभाग विचार करणं सोडतो आणि जुना कागद तारीख बदलून पाठवतो. मग तुमच्याकडे खालून येणारं काही राहत नाही.

एप्रिलनंतर

मंजूर झालेलं सगळं 1 एप्रिलला मोकळं करू नका. एप्रिल ते जून तुमच्या खात्यात शुल्काची मोठी आवक नसते. चालू खर्च तेवढा सोडा. यंत्रखरेदीची दरपत्रकं, तुलनात्मक तक्ते या काळात तयार होऊ द्या, पण मोठी मागणीपत्रं प्रवेशफेऱ्या सुरू होऊन पैसे येऊ लागल्यावर काढा. शिक्षणाला अडणाऱ्या गोष्टींना अर्थातच अपवाद: बॅटऱ्या जूनमध्येच बसल्या पाहिजेत.

ऑक्टोबर आला की दोन कामं एकाच बैठकीत होतात. चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाच्या मर्यादा. समजा पहिल्या वर्षाच्या 40 जागा रिकाम्या राहिल्या. ढोबळमानाने 44 लाखांची तूट. राखीव 30 आणि न वाटलेले 10 यांतून 40 लाख भरून निघतात. राहिलेले 4 लाख ज्या विभागांनी सहा महिन्यांत 'अ'चा अगदी थोडा भाग वापरला आहे, तिथून पुनर्विनियोजन करून मिळतात. कुणाची मंजूर मागणी मागे घ्यावी लागत नाही. हे दोन्ही साठे वर ठेवले होते म्हणूनच खालच्यांना दिलेला शब्द पाळता येतो. प्रवेश पूर्ण झाले असते तर ते 10 लाख 'ब'च्या यादीतल्या पुढच्या क्रमांकाला, म्हणजे स्थापत्यच्या टोटल स्टेशनला वगैरे, तिथल्या तिथे देता आले असते. नव्याने मागण्या मागवायची गरज नाही.

पण तूट एवढ्यावर थांबत नाही, आणि इथे पुष्कळ संस्था फसतात. त्या 40 जागा पुढची तीन वर्षंही रिकाम्याच राहतात. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश काही भरून काढतील, सगळ्या नाही. म्हणून त्याच बैठकीत पुढच्या वर्षाची मर्यादा त्या हिशेबाने खाली आणावी लागते, आणि तीन वर्षांचा एक साधा तक्ता विश्वस्तांसमोर ठेवावा लागतो. राखीव निधीने एक वर्ष निभावतं. दुसऱ्या वर्षी तोच खड्डा राखीव निधीने भरायला गेलात तर राखीव म्हणून काही उरत नाही.

डिसेंबरअखेर प्रत्येक विभागाचा खर्च पाहा. नऊ महिन्यांत 'अ'चा निम्माही खर्च झाला नसेल तर दोनच शक्यता: मर्यादा जास्त दिली होती किंवा खरेदीची फाइल कुठेतरी अडली आहे. दुसरी शक्यता आधी तपासा. फाइल बहुतेक वेळा खरेदी समितीच्या तारखेसाठी पडून असते, आणि त्याची शिक्षा विभागाला पुढच्या वर्षी मर्यादा कमी करून मिळते, हे बरोबर नाही.

फेब्रुवारी-मार्चची खरेदीची धांदल मर्यादेच्या पद्धतीतही राहतेच, कारण पैसे संपवले नाहीत तर पुढच्या वर्षी कमी मिळतील ही भीती. त्यावर विश्वस्तांकडून एक ठराव करून घ्या: 'अ'मधून वाचलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम त्या विभागाच्या पुढच्या वर्षीच्या मर्यादेवर वाढीव मिळेल. ठराव करण्याआधी सनदी लेखापालांशी बोला, कारण धर्मादाय न्यासाला आयकरातली सूट टिकवायला वर्षाच्या उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. पगाराचा वाटा मोठा असल्यामुळे महाविद्यालयात हे सहसा अडत नाही, पण पाहून घ्यावं.

कुठे ही पद्धत चालत नाही

विभागप्रमुखपद दरवर्षी फिरतं असेल तर 'ब'चा क्रम टिकत नाही. नवीन माणूस आपली यादी नव्याने लावतो. अशा वेळी यादी विभागाच्या नावावर ठेवा आणि वरच्या तीन मागण्या बदलायच्या असतील तर लेखी कारण मागा. पाच-सहा वर्गांच्या छोट्या संस्थेत तर हा सगळा सोपस्कार नकोच. मुख्याध्यापक आणि लेखनिक एका दुपारी बसून ठरवतील. आणि पगारच वेळेवर होत नसतील, तर त्या वर्षी 'ब' मागवू नका. द्यायला काही नसताना मागण्या मागवणं लोकांच्या मनाला लागतं.

तुमच्या विश्वस्तांना पटवताना मी एकच गोष्ट पुढे करेन. त्यांना आकडा हातात हवा आहे, तो या पद्धतीत पूर्ण त्यांच्याच हातात राहतो: 16.5 कोटींची रेषा, राखीव 30 लाख, आणि 1 कोटी 60 लाख व 40 लाख ही फोड, हे सगळं ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सहीने ठरतं. ते सोडतात ते फक्त विभागाच्या आत काय घ्यायचं याचं मत, आणि ते मत द्यायला त्यांच्याकडे माहिती नसते. यंदा ऑक्टोबर उलटून गेला असेल तरी थांबू नका. मर्यादा डिसेंबरात कळवा, 'अ' आणि 'ब' जानेवारीच्या मध्यापर्यंत घ्या, 'ब'साठी फक्त एक-दोन क्रमांक मागा आणि 28 फेब्रुवारीच्या आत कागद धर्मादाय कार्यालयात जाऊ द्या. छाननीचे तक्ते आणि लेखी उत्तरांच्या प्रती एका फाइलला लावून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरच्या बैठकीत पहिल्यांदा तीच फाइल उघडायची आहे.